कट-ऑफ १० च का? चाळणी-प्रश्नावलीचा कट-ऑफ गुण कसा ठरवायचा

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्यांच्या प्रबंधात एक वाक्य हमखास सापडतं: ‘१० किंवा त्याहून जास्त गुण मिळालेल्या विद्यार्थ्यांना नैराश्य असल्याचे मानले.’ तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. दहाच का? आठ का नाही? बारा का नाही? ‘सर, मूळ पेपरमध्ये दहा आहे’ एवढंच उत्तर दिलं, की पुढची दहा मिनिटं घाम फुटतो.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाळणी-प्रश्नावली धरून बोलू, कारण नाशिकमधल्या विद्यार्थ्यांच्या हातात बहुतेक वेळा तीच असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. दहाचा कट-ऑफ प्रसिद्ध झाला तो २००१ च्या अमेरिकेतल्या अभ्यासामुळे. त्यात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी पकडले गेलेले, ८८ टक्के आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे नैराश्य नसलेल्यांपैकी बरोबर सोडले गेलेले, तीही ८८ टक्के आली होती. हे दोन आकडे सगळे उद्धृत करतात. पण ज्या ५८० जणांची तज्ज्ञाने मुलाखत घेतली, त्यांत नैराश्याचे रुग्ण फक्त ४१ होते, हे फारसं कोणी सांगत नाही. शिवाय ते सगळे दवाखान्यात आलेले प्रौढ होते, गंगापूर रोडवरच्या महाविद्यालयातली अठरा वर्षांची पोरं नव्हती. दहा हा आकडा चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो तुमच्या कामाला बसतो का, हे तपासायचं कसं, एवढंच इथे पाहू.

पायरी १: गुण कट-ऑफच्या वर गेले की काय होणार, हे आधी लिहून काढा

कट-ऑफ ठरवायला बसताना कॉम्प्युटर उघडू नका, वही उघडा. आपलं उदाहरण असं धरू (आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत): एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला १००० विद्यार्थी आहेत. निम्मे शहरातले, बाकीचे निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाण्याहून आलेले. समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोन दिवस येतात आणि दिवसाला आठ जणांना नीट वेळ देऊ शकतात. म्हणजे आठवड्याला १६ मुलाखती. सत्र साधारण पंधरा आठवड्यांचं.

प्रश्नावलीत ज्यांचे गुण कट-ऑफच्या वर, त्यांना मॅडम भेटणार. ती भेट म्हणजेच खरी तपासणी. नैराश्य आहे की नाही हे तिथे ठरेल. म्हणून ‘नैराश्य असल्याचे मानले’ हे वाक्य मुळातच चुकीचं आहे. ‘पुढील मुलाखतीसाठी निवडले’ असं लिहा. चाळणी-प्रश्नावली निदान करत नाही, फक्त रांग लावते.

इथे दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. एखादी मुलगी खरोखर नैराश्यात आहे, पण तिचे गुण कट-ऑफच्या खाली राहिले आणि ती सुटली. किंवा एखादा मुलगा ठीक आहे, पण गुण वर गेले म्हणून त्याला उगाच बोलावलं. पहिल्या चुकीची किंमत ती मुलगी मोजते. दुसरीची किंमत म्हणजे मॅडमची पाऊण तास वेळ आणि त्या मुलाची थोडी धास्ती. हे आधी ठरवून घ्या, कारण पुढचं सगळं गणित या दोन किमतींच्या तराजूवर आहे.

पायरी २: गुण आणि मुलाखत, दोन्ही एकाच माणसाचं हवं

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ज्यांना खरोखर नैराश्य आहे, त्यांपैकी किती जणांना प्रश्नावलीने पकडलं. स्पेसिफिसिटी म्हणजे ज्यांना नाही, त्यांपैकी किती जणांना तिने बरोबर सोडून दिलं. दोन्हींत ‘खरोखर’ हा शब्द दडलेला आहे. ते ‘खरोखर’ कुठून आणायचं? प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेल्या रचित निदान-मुलाखतीतून, उदाहरणार्थ ‘मिनी’ या मुलाखतीतून. दुसरी एखादी नैराश्य-प्रश्नावली भरून घेऊन तिलाच सत्य मानायचं, हा प्रकार अनेक प्रबंधांत दिसतो. त्यातून दोन प्रश्नावल्या एकमेकींशी किती जुळतात एवढंच कळतं. दोघी मिळून चुकत असतील तर त्याचा पत्ताच लागत नाही.

मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण माहीत नसावेत. ‘हिला १९ आहेत’ हे कळल्यावर माणूस लक्षणं शोधायलाच बसतो.

आणखी एक खाचखळगा असा, की वेळ कमी म्हणून फक्त जास्त गुणवाल्यांचीच मुलाखत घेतली जाते. कमी गुणवाल्यांना कोणी भेटलंच नाही, तर त्यांच्यातले सुटलेले रुग्ण मोजणार कसे? मग सेन्सिटिव्हिटी शंभरच्या जवळ जाते आणि विद्यार्थी खूश होतो. सगळ्यांना भेटणं शक्य नसेल तर कमी गुणवाल्यांतले निदान काही जण चिठ्ठ्या टाकून निवडा आणि आकडेमोडीत त्यांना त्या प्रमाणात वजन द्या.

पायरी ३: प्रत्येक कट-ऑफला काय होतं, ते मांडा

समजा २४० विद्यार्थ्यांचं दोन्ही झालं. मुलाखतीत ४० जणांना नैराश्य आढळलं, २०० जणांना नाही. एक्सेलमध्ये B स्तंभात मुलाखतीचा निकाल (आहे = 1, नाही = 0) आणि C स्तंभात एकूण गुण टाका. दहाच्या कट-ऑफसाठी सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी अशी निघते:

```
=COUNTIFS(B:B,1,C:C,">=10")/COUNTIFS(B:B,1)
=COUNTIFS(B:B,0,C:C,"<10")/COUNTIFS(B:B,0)
```

एखाद्याचे गुण रिकामे राहिले असतील तर तो भाजकात मोजला जातो, पण भाज्यात येत नाही, म्हणून अर्धवट भरलेले फॉर्म आधीच बाजूला काढा. आकडा बदलत गेलात की असा तक्ता तयार होतो:

| कट-ऑफ (इतके किंवा जास्त) | पकडले (४० पैकी) | उगाच बोलावले (२०० पैकी) | सेन्सिटिव्हिटी | स्पेसिफिसिटी |
|---|---|---|---|---|
| ६ | ३९ | ७८ | ९७.५% | ६१% |
| ८ | ३७ | ५० | ९२.५% | ७५% |
| १० | ३३ | २८ | ८२.५% | ८६% |
| १२ | २७ | १४ | ६७.५% | ९३% |
| १४ | २० | ६ | ५०% | ९७% |

वरून खाली येताना एक वाढतं आणि दुसरं घटतं. यातून सुटका नाही. प्रश्नावली तीच ठेवून दोन्ही एकदम वाढवता येत नाहीत.

एसपीएसएस वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथल्या आरओसीच्या तक्त्यात `Positive if Greater Than or Equal To` या रकान्यात ९.५० असे मधले आकडे येतात. गुण पूर्णांकात असल्यामुळे ९.५० म्हणजे ‘१० किंवा जास्त’. आणि शेजारच्या रकान्याचं नाव `1 - Specificity` आहे. त्यातला ०.१४ पाहून ‘स्पेसिफिसिटी १४ टक्के’ असं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. ती ८६ टक्के असते.

‘दहाच्या वर’ आणि ‘दहा किंवा जास्त’ यांतही गल्लत होते. नेमके दहा गुण असलेली मुलं वर्गात बरीच असतात. त्यांचं काय करायचं, हे वाक्यातच स्पष्ट दिसलं पाहिजे.

पायरी ४: यूडेन इंडेक्स काढा, पण त्याच्यावर विसंबू नका

यूडेनने १९५० मध्ये सुचवलेला हा साधा हिशेब आहे: सेन्सिटिव्हिटी अधिक स्पेसिफिसिटी वजा एक. आपल्या तक्त्यात तो ८ ला ०.६७५, १० ला ०.६८५ आणि १२ ला ०.६०५ येतो. दहा जिंकले. बहुतेक पेपर इथेच थांबतात.

आता बारकाईने पाहा. आठच्या कट-ऑफला ३७ ऐवजी ३८ जण पकडले गेले असते, तर त्याचा इंडेक्स ०.७० झाला असता आणि आठ जिंकले असते. एका विद्यार्थ्याने त्या दिवशी ‘झोप’ या प्रश्नाला एक गुण जास्त दिला असता, तर तुमच्या प्रबंधाचा निष्कर्ष उलटला असता. ४० रुग्णांच्या जोरावर काढलेली सेन्सिटिव्हिटी एवढी डळमळीत असते. दहाला ती ८२.५ टक्के दिसते खरी, पण तिचा ९५ टक्के विश्वासमध्यांतर, म्हणजे खरा आकडा ज्यात असू शकतो तो पट्टा, साधारण ६८ ते ९१ आहे. स्पेसिफिसिटी २०० जणांवर उभी असल्यामुळे तिचा पट्टा अरुंद आहे, साधारण ८० ते ९०. नमुना २४० चा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सेन्सिटिव्हिटीसाठी तुमचा नमुना ४० चाच आहे.

यूडेनची दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. तो दोन्ही चुकांना सारखंच वजन देतो. पहिल्या पायरीत आपण म्हटलं होतं, की एक मुलगी सुटणं आणि एका मुलाला उगाच बोलावणं यांची किंमत सारखी नाही. मग ज्या सूत्राला हे माहीतच नाही, त्याच्या हातात निर्णय का द्यायचा?

पायरी ५: तक्ता तुमच्या १००० जणांवर चालवून पाहा

ही पायरी नवखे हमखास गाळतात. २४० जणांच्या अभ्यासात नैराश्याचं प्रमाण जवळपास १७ टक्के होतं, कारण समुपदेशन कक्षात आधीच येऊन गेलेले काही विद्यार्थी त्यात मुद्दाम घेतले होते. सरसकट वर्गात ते इतकं नसेल. समजा ८ टक्के आहे, म्हणजे १००० मध्ये ८०.

कट-ऑफ १० ठेवला तर ८० पैकी ६६ सापडतील, १४ सुटतील. उरलेल्या ९२० निरोगी मुलांपैकी १४ टक्के, म्हणजे १२९, उगाच बोलावले जातील. एकूण १९५ जणांना बोलावणं जाईल आणि त्यांत खरे रुग्ण ६६, म्हणजे तीनात एक. अभ्यासात मात्र ६१ बोलावलेल्यांत ३३ खरे होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रश्नावली तीच, कट-ऑफ तोच, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटीही तीच. तरी बोलावलेल्यांतल्या खऱ्यांचं प्रमाण घसरलं, कारण मुळात रुग्णच कमी आहेत. प्राचार्यांना ‘१९५ मुलांना नैराश्य आहे’ असं सांगितलंत, तर त्यांतल्या १२९ जणांबद्दल तुम्ही चुकीचं सांगितलेलं असेल.

कट-ऑफ ८ ठेवला तर ७४ सापडतील, ६ सुटतील, पण बोलावणं ३०४ जणांना जाईल. १२ ठेवला तर ५४ सापडतील, २६ सुटतील आणि बोलावणं ११८ जणांना.

मॅडमच्या आठवड्याला १६ मुलाखती. ८ ला १९ आठवडे लागतील, म्हणजे सत्र संपून जाईल. १० ला बारा-तेरा आठवडे. १२ ला साडेसात.

पायरी ६: एक घर खाली उतरण्याची किंमत विचारा

माझ्याकडे प्रबंध करणारी एक विद्यार्थिनी इथे पोचल्यावर म्हणाली, “मॅडम, मग आठच घेऊ ना? कमी मुलं सुटतात.” मी तिला म्हटलं, “अगं, आठ चांगला की दहा चांगला, असं विचारू नकोस. दहावरून आठवर आल्यावर नवीन काय मिळतं आणि त्याला काय द्यावं लागतं, ते मोज.”

१२ वरून १० वर आलो तर ७७ मुलाखती वाढतात आणि १२ रुग्ण जास्त सापडतात. एका जादा रुग्णामागे साधारण साडेसहा मुलाखती. १० वरून ८ वर आलो तर १०९ मुलाखती वाढतात आणि ८ रुग्ण जास्त सापडतात. एका जादा रुग्णामागे जवळपास चौदा मुलाखती. म्हणजे पहिलं घर स्वस्तात मिळालं, पुढचं दुपटीने महाग आहे.

या महाविद्यालयात मी १० घेईन. सत्रात बसतो, आणि बारावर थांबून २६ जण सोडून देणं मला पटत नाही. पण समुपदेशक रोज येणारे असते, आठवड्याला ४० मुलाखती होत असत्या, तर मी ८ घेतला असता. आठ आठवड्यांत सगळे भेटून झाले असते आणि चौदा मुलाखतींत एक मूल सापडणं हा सौदा मी बिनदिक्कत केला असता. तक्ता तोच, कट-ऑफ वेगळा. आणि हेतू उपचाराचा नसून संशोधनाचा असेल, नैराश्य असलेल्या मुलांचा एक शुद्ध गट हवा असेल, तर १२ किंवा १४ सुद्धा रास्त ठरेल, कारण तिथे उगाच आलेले लोक गट गढूळ करतात.

कट-ऑफच्या अलीकडे असलेल्या, ८ आणि ९ गुणवाल्यांना वाऱ्यावर सोडायची गरज नाही. आपल्या उदाहरणात ते १०९ जण आहेत. त्यांच्याकडून दोन आठवड्यांनी प्रश्नावली पुन्हा भरून घ्या. प्रश्नावलीच मुळी दोन आठवड्यांबद्दल विचारते. ज्यांचे गुण वर गेले, त्यांना बोलवा.

नववा प्रश्न मात्र या सगळ्या हिशेबाच्या बाहेर ठेवा. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्याहून जास्त काहीही असेल, तर एकूण गुण ४ असोत की २४, त्या विद्यार्थ्याशी त्याच दिवशी बोललं गेलं पाहिजे. त्यासाठी फॉर्म गोळा केल्या-केल्या तो एक रकाना डोळ्यांखालून घाला. गठ्ठा घरी नेऊन पुढच्या आठवड्यात डेटा एंट्री करायची, हे चालणार नाही. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक फॉर्मच्या तळाशी छापून ठेवा.

पायरी ७: पहिला गठ्ठा आला की थांबा

कट-ऑफ ठरला तरी तो इथे चालतोय का, हे पाहायचं असतं. आपल्या हिशेबाने १००० मध्ये १९५, म्हणजे पहिल्या २०० फॉर्ममध्ये साधारण ३९ जण दहा किंवा जास्त गुणांचे यायला हवेत. पस्तीस आले, पंचेचाळीस आले, तर ठीक. सत्तर आले तर काहीतरी वेगळं घडतंय.

अशा वेळी एकूण गुणांकडे बघू नका, प्रश्नवार बेरीज काढा. झोप, थकवा, भूक हे तीन प्रश्न शरीराबद्दलचे आहेत. निफाड-दिंडोरीकडची मुलं द्राक्षाच्या काढणीच्या दिवसांत पहाटे बागेत राबून, मग एसटी पकडून वर्गात येतात. त्यांना थकवा असणारच, झोप अपुरी असणारच. त्या तीन प्रश्नांतूनच सहा-सात गुण जमले आणि उदासी, रस नसणं हे पहिले दोन प्रश्न शून्यावर राहिले, तर तो मुलगा बहुधा दमलेला आहे. परीक्षेच्या आठवड्यात शहरातल्या मुलांचंही तसंच होतं. अशा दिवसांत स्पेसिफिसिटी ८६ राहत नाही, ती खाली येते आणि मॅडमची रांग फुगते. उपाय सोपा आहे: फॉर्म त्या आठवड्यांत भरून घेऊ नका.

पहिले दोन प्रश्नही चढे असतील, तर मात्र दोन शक्यता उरतात. एक तर या वर्गात नैराश्य खरोखरच ८ टक्क्यांहून जास्त आहे. नाहीतर प्रश्न नीट समजले नाहीत. सुरगाणा-पेठकडच्या काही मुलांच्या घरी कोकणा बोलली जाते आणि छापील प्रमाण मराठीतलं वाक्य त्यांना वेगळंच काही सांगून जाऊ शकतं. वर आलेल्यांपैकी दहा-बारा जणांना आणि खाली राहिलेल्यांपैकीही तितक्याच जणांना भेटा. ‘या प्रश्नाचा तू काय अर्थ घेतलास?’ असं एकेका प्रश्नाला विचारा. दोन दिवसांत कळतं.

उलटही होतं. २०० मध्ये पंधराच वर आले, तर फॉर्म कुठे भरून घेतले ते आठवा. वर्गात, शेजारी मित्र डोकावत असताना, वर नाव आणि रोल नंबर लिहायला लावून भरून घेतलेल्या फॉर्मवर मुलं सगळीकडे शून्यावर खूण करतात. अशा वेळी कट-ऑफ खाली आणून भरपाई करता येत नाही; फॉर्म एकांतात, पुन्हा भरून घ्यावे लागतात.

पायरी ८: प्रबंधात काय लिहाल

तोंडी परीक्षेत टिकणारी मांडणी साधारण अशी असते: ‘पीएचक्यू-९ वर १० किंवा अधिक गुण असलेल्यांना निदान-मुलाखतीसाठी निवडले. २४० विद्यार्थ्यांच्या नमुन्यात या कट-ऑफला सेन्सिटिव्हिटी ८२.५ टक्के (९५ टक्के विश्वासमध्यांतर ६८ ते ९१) आणि स्पेसिफिसिटी ८६ टक्के (८० ते ९०) आढळली. उपलब्ध समुपदेशन-वेळ आणि ८ टक्के अपेक्षित प्रमाण लक्षात घेऊन ८ ऐवजी १० निवडला.’ सोबत पाचही कट-ऑफचा तक्ता द्या, म्हणजे वेगळ्या परिस्थितीतल्या वाचकाला आपला आकडा निवडता येईल.

एक मर्यादा त्याच परिच्छेदात नोंदवा. कट-ऑफ ज्या २४० जणांवरून निवडला, त्यांच्याच आधारे त्याचे गुणगान केले, तर आकडे थोडे फुगलेलेच दिसतात, कारण निवडताना आपण त्या गटाला सगळ्यांत जास्त शोभणारा आकडा उचलतो. शिवाय समुपदेशन कक्षातून आलेल्यांची लक्षणं बहुधा ठळक असतात, आणि ठळक लक्षणं पकडणं सोपं असतं. सरसकट वर्गातल्या सौम्य नैराश्यातल्या मुलांपैकी ८२ टक्के पकडली जातील, असं धरू नका. पुढच्या वर्षीच्या बॅचचे फॉर्म आणि मुलाखती हाताशी आल्या, की हाच १० चा कट-ऑफ त्यांच्यावर न बदलता लावून पाहा आणि जे आकडे येतील ते जुन्यांच्या शेजारी छापा, घसरलेले असले तरी.